गॅमा वजा एक शून्य का येतं, आणि उपग्रहाच्या घड्याळाचं उत्तर चौपट का?

मुक्ता_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. मी इंदूरमध्येच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी घरी करायला गणित दिलंय: रोज ज्या वाहनाने येता त्याची गतिज ऊर्जा सापेक्षतेच्या सूत्राने काढा आणि नेहमीच्या सूत्राशी ताडून पाहा.

मी सायकलने येते. दप्तर, सायकल आणि मी मिळून ८० किलो धरले. वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. नेहमीच्या सूत्राने ½mv² म्हणजे बरोबर १००० ज्यूल. सापेक्षतेचं सूत्र (γ − 1)mc². गॅमा काढायला कॅल्क्युलेटर घेतला तर तो १ दाखवतो. त्यातून १ वजा केला की शून्य. चालत्या सायकलची ऊर्जा शून्य, असं वहीत कसं लिहू? सूत्र तर बरोबर आहे. मग चूक कुठे होतेय?

दुसराही एक प्रश्न आहे, जीपीएसच्या उपग्रहाचा. पण आधी हा सुटू दे.

माळव्याचे_मास्तर

मुक्ता, तुझं सूत्रही बरोबर आणि कॅल्क्युलेटरही ठीक. तुझा v/c आहे १.६७ × १०⁻⁸. त्याचा वर्ग २.७८ × १०⁻¹⁶. एकातून एवढीशी संख्या वजा करायची तर कॅल्क्युलेटरला दशांशाचे सोळा-सतरा आकडे धरून ठेवावे लागतील. त्याच्याकडे तेवढे नसतात.

म्हणून आकडे घालायच्या आधी बायनोमियल लावायचं. (1 + x)ⁿ ≈ 1 + nx. इथे x = −v²/c² आणि n = −½. म्हणजे

γ ≈ 1 + ½ v²/c²

आता एक वजा कर. तो १ कागदावरच कटतो, कॅल्क्युलेटरपर्यंत जातच नाही. उरलं ½v²/c², त्याला mc² ने गुणलं की ½mv². १००० ज्यूल. हेच अपेक्षित उत्तर.

तीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आलो: पहिलं पद घ्या, पुढची सोडून द्या. भौतिकात पुढची लागत नाहीत.

अद्वैत_पलासिया

मास्तर, मला वाटतं हे सगळं कॅल्क्युलेटरच्या काळातलं आहे. आता संगणक सोळा आकडे धरतो, मग अंदाज कशाला करायचा? मूळ सूत्र जसंच्या तसं चालवून पाहिलं:

```python
import math
c = 299792458.0
m = 80
for v in (1.5, 5.0, 20.0):
    b2 = (v/c)**2
    E = m*c*c*(1/math.sqrt(1-b2) - 1)
    print(v, E, 0.5*m*v*v)
```

५ मीटरला उत्तर येतं १५९६.५ ज्यूल. म्हणजे १००० नव्हे. जास्तीचे ५९६ ज्यूल सापेक्षतेचे असावेत, जे पहिल्या पदात हरवतात. २० मीटरला १५९६५ येतं, तिथे नेहमीचं उत्तर १६०००. फक्त १.५ मीटरला शून्य येतंय, ते का ते कळलं नाही.

वैजयंती_महू

अद्वैत, थांब. ते ५९६ ज्यूल सापेक्षतेचे नाहीत. तुझ्याच आकड्यांत त्याचा पुरावा आहे: २० मीटरला तुझं उत्तर नेहमीच्या उत्तरापेक्षा कमी आलंय. सापेक्षतेतली गतिज ऊर्जा ½mv² पेक्षा कधीच कमी येत नाही, कारण विस्तारातली पुढची सगळी पदं धन आहेत. उत्तर कमी आलं म्हणजे आकडेमोडीत काहीतरी बिघडलंय.

अजून एक करून बघ. वेग ४, ५ आणि ६ घाल. तिन्हींना तेच १५९६.५ येईल. खरी उत्तरं आहेत ६४०, १००० आणि १४४०. ऊर्जा अशी पायरीवर थबकून राहते आणि मग एकदम उडी मारते, हे दिसलं की समजावं, हे भौतिक नाही.

कारण असं. संगणकातल्या संख्या सलग नसतात, त्यांच्यात फटी असतात. १ च्या वरची पहिली संख्या २.२२ × १०⁻¹⁶ एवढ्या अंतरावर आहे. १ च्या खाली ते अंतर निम्मं. तुझं खरं γ − 1 आहे १.३९ × १०⁻¹⁶. ही जागा फटीत पडते. मग ते एकतर १ वर बसणार किंवा पुढच्या संख्येवर. इथे पुढच्या संख्येवर बसलं. आणि त्याला mc² ने, म्हणजे ७.१९ × १०¹⁸ ने गुणलं, की १५९६.५ ची पायरी तयार. १.५ मीटरला ते मागे १ वर बसलं, म्हणून शून्य.

धर्मकाट्यावर भरलेला ट्रक तोलला, मग ड्रायव्हरच्या खिशातलं नाणं काढून पुन्हा तोलला, आणि वजाबाकीतून नाण्याचं वजन काढलं, तर काय मिळेल? काटा चांगला असूनही नाणं सापडणार नाही. नाणं वेगळं तोलायला हवं. बायनोमियल हेच करतं: ट्रक बाजूला ठेवून नाणं हातात देतं.

अद्वैत_पलासिया

४, ५, ६ करून पाहिलं. तिन्हींना १५९६.५१. वैजयंतीताई, पटलं. पण मग संगणकाने हे करायचंच नाही का? अंदाज न करता उत्तर हवं असेल तर?

वैजयंती_महू

करता येतं. वजाबाकी टाळायची, एवढंच. शाळेत वर्गमूळ अंशातून काढायला संयुग्माने गुणायचो ना, तेच. s = √(1 − β²) धर. मग

γ − 1 = β² / ( s (1 + s) )

हे तंतोतंत आहे, यात एकही पद सोडलेलं नाही. आणि वजाबाकी फक्त s च्या आत आहे, जिथे ती त्रास देत नाही. तुझ्या सायकलला हे १००० ज्यूल देईल, आणि प्रकाशाच्या निम्म्या वेगालाही बरोबर उत्तर देईल.

त्यावरून मास्तरांच्या शेवटच्या वाक्याकडे येते. सर, सायकलसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पुढचं पद ⅜β⁴, म्हणजे पहिल्याच्या ¾β² पट. १००० ज्यूलमागे ते ज्यूलच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी. पण "पुढची पदं लागत नाहीत" हे वाक्य β सांगितल्याशिवाय अर्धं राहतं. प्रकाशाच्या दहाव्या भागाएवढ्या वेगाला पहिल्या पदाची चूक पाऊण टक्का. निम्म्या वेगाला पहिलं पद ०.१२५ देतं आणि खरं γ − 1 आहे ०.१५४७. जवळजवळ १९ टक्के कमी. म्हणून मी पहिलं पद घेतलं की दुसरं लिहून बघते. ठेवायचं नसतं, पण केवढं आहे ते माहीत हवं.

माळव्याचे_मास्तर

मान्य. दुसरं पद लिहून मग खोडायचं, ही शिस्त चांगली. आम्ही फळ्यावर नुसते तीन ठिपके देत आलो.

मुक्ता_लोकमान्यनगर

काकू, सर, अद्वैतदादा, मनापासून आभार. वहीत दोन्ही रीती लिहिल्या.

आता दुसरा प्रश्न. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण २६,५६० किलोमीटरवर फिरतात. तिथलं घड्याळ वेगामुळे मागे पडतं आणि उंचीमुळे पुढे जातं. वेगाचं मी आत्ता शिकले तसंच केलं. v² = GM/r, त्यावरून वेग सेकंदाला ३.८७ किलोमीटर, v²/2c² = ८.३५ × १०⁻¹¹, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणून ७.२ मायक्रोसेकंद. पुस्तकात ७ आहे. जुळलं.

उंचीसाठी gh/c² वापरलं. g = ९.८२, h = २०,१८९ किलोमीटर. उत्तर २.२१ × १०⁻⁹, म्हणजे दिवसाला १९०.६ मायक्रोसेकंद. पुस्तकात ४५ दिलंय. चौपटीहून जास्त! gh/c² तर १०⁻⁹ एवढं बारीक आहे. एवढी लहान राशी असताना अंदाज इतका कसा चुकतो?

सराफ्यातले_नाना

मुली, ह्याच विषयावर मलाही विचारायचं होतं. माझा मोबाइल राजवाड्याजवळ हमखास चुकतो. दुकानात बसलेला असलो तरी मी शेजारच्या गल्लीत आहे असं दाखवतो. माल पोहोचवणारी पोरं भलतीकडेच जातात आणि तिथून फोन करत बसतात. ते ४५ मायक्रोसेकंदाचं गणित चुकल्यामुळेच हे होतं का? कुणाकडे तक्रार करावी?

वैजयंती_महू

नाना, तुमचं कारण वेगळं आहे. घड्याळाची दुरुस्ती उपग्रहावरच केलेली असते. त्याची मूळ वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झ हवी, म्हणून जमिनीवर असतानाच ती १०.२२९९९९९९५४३ अशी किंचित कमी लावून वर पाठवतात. तुमच्या गल्लीत दोन्हीकडे उंच घरं, आकाशाची पट्टी अरुंद. थोडेच उपग्रह थेट दिसतात, आणि बाकीच्यांचा संकेत भिंतीवर आपटून उशिरा येतो. फोनला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे. पोरांना राजवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेवरची खूण पाठवा आणि तिथून रस्ता सांगा, तेच खात्रीचं.

मुक्ता, तुझा प्रश्न फार नेमका आहे. तू एका राशीचा लहानपणा तपासलास, पण चुकली दुसरीच राशी.

गुरुत्वामुळे घड्याळ किती मंदावतं त्याचा मूळ घटक आहे √(1 − 2GM/rc²). इथे लहान राशी GM/rc². पृथ्वीच्या पृष्ठभागावर ती ६.९६ × १०⁻¹⁰, उपग्रहाजवळ १.६७ × १०⁻¹⁰. इथे पहिलं पद डोळे मिटून घ्यावं. चूक १०⁻¹⁹ च्या घरात. यातून फरक मिळतो

GM/c² × (1/R − 1/r)

इथपर्यंत सगळं छान. पण यातून gh/c² पर्यंत जायला अजून एक अंदाज करावा लागतो. 1/r म्हणजे 1/(R + h). R बाहेर काढून 1/(1 + h/R), आणि तिथे पुन्हा बायनोमियल लावून 1 − h/R. या दुसऱ्या पायरीत प्रकाशाचा वेग नाही, सापेक्षता नाही. लहान असायला हवं ते h/R. तुझं h/R किती?

मुक्ता_लोकमान्यनगर

२०१८९ भागिले ६३७१... ३.१७. अरे! ते एकापेक्षाही मोठं आहे.

म्हणजे gh हे सूत्र मी पाठ केलं, पण ते स्वतःच कापलेलं आहे हे विसरले.

वैजयंती_महू

तेच. आता दुसरा अंदाज न करता थेट वजाबाकी कर. ६.९६१ वजा १.६७० म्हणजे ५.२९१ × १०⁻¹⁰. गुणिले ८६,४००. ४५.७ मायक्रोसेकंद.

आणि तुझं १९०.६ वाया गेलेलं नाही. 1/R − 1/r = h/(Rr), म्हणून तंतोतंत उत्तर आहे gh/c² × R/r. तुझ्या १९०.६ ला ४.१६९ ने भाग. ४५.७ येतात. तुझी चौपट तिथेच आहे, त्या r/R मध्ये.

४५.७ मधून वेगाचे ७.२ वजा केले की ३८.५. दिवसाला एवढं उपग्रहाचं घड्याळ पुढे जातं. हा हिशेब अवकाशात तपासलाही गेलाय. १९७७ साली एनटीएस-२ हा उपग्रह दुरुस्ती न लावता सुमारे वीस दिवस तसाच चालू दिला होता. भाकीत होतं ४४६.५ × १०⁻¹², मोजमाप आलं ४४२.५. आपलं साधं गणित ४४५.६ देतं.

माळव्याचे_मास्तर

मी एक सुचवू? gh ला पुढची पदं जोडली तर? gh(1 − h/R + h²/R² − …) असं लिहून आणखी दोन-तीन पदं घेतली तर उत्तर सुधारेल. आत्ताच आपण दुसऱ्या पदाचं महत्त्व बोललो.

अद्वैत_पलासिया

सर, हे केलं. बेरीज अशी जाते: १९०.६, मग −४१३, मग १५०१, मग −४५६५. प्रत्येक पदाला आणखी दूर. चिन्हही बदलतंय. चाळीस पदं घेतली तर आकडा बघवत नाही. काही चुकलं का माझं?

वैजयंती_महू

नाही, यावेळी अगदी बरोबर. पदं प्रत्येक वेळी ३.१७ पट मोठी होत जाणार. जास्त पदं म्हणजे जास्त अचूक उत्तर, हे फक्त श्रेणी जिथे जुळते तिथेच खरं. इथे तिची हद्द h = R, म्हणजे ६३७१ किलोमीटर. त्याच्या पलीकडे ही श्रेणी कितीही पदं घेतली तरी उपयोगाची नाही.

ही हद्द नेमकी तिथेच का, हे मला विद्यार्थी असताना फार छळायचं. उपग्रहाजवळ तर काहीच विचित्र घडत नाही, विभव तिथे शांतपणे कमी होत असतो. मग श्रेणी का बिघडते? उत्तर उलट्या दिशेला आहे. पृष्ठभागापासून खाली R एवढं गेलं की पृथ्वीचं केंद्र येतं आणि 1/(R + h) अनंत होतं. खरी पृथ्वी तिथे वेगळी वागते, पण सूत्राला ते माहीत नाही. पृष्ठभागावर बसून टेलर लिहिला की त्याला दोन्ही दिशांना सारखंच अंतर मिळतं, आणि खालची अडचण वरची हद्द ठरवते. वर कितीही मोकळं असलं तरी.

तक्रार श्रेणीबद्दल नाही, ती कुठे उभं राहून लिहिली त्याबद्दल आहे. दुरून बघताना R/r लहान धरावा. तो इथे ०.२४ आहे.

माळव्याचे_मास्तर

हे मी आजवर असं कधी पाहिलं नव्हतं. खड्डा खाली आणि ठेच वर.

पण मग gh/c² कुठे चालतं तेही सांगा, नाहीतर मुलं ते टाकूनच देतील.

वैजयंती_महू

सर, बरोबर, टाकायचं मुळीच नाही. १९६० साली पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डमध्ये २२.५ मीटरच्या मनोऱ्यात हा परिणाम मोजला. gh/c² तिथे २.४५ × १०⁻¹⁵. h/R तीन लाखांत एकाच्या आसपास, म्हणजे gh मध्ये काही दोष काढायलाच नको. उलट तिथे दोन वर्गमुळं काढून भागायला गेलात तर अद्वैतच्या सायकलसारखा पायऱ्यांचा घोळ होईल. ४०० किलोमीटरवरच्या अवकाश स्थानकाला gh सुमारे ६ टक्के जास्त देतं. तिथे काम कसलं आहे त्यावर ठरवायचं. २०,००० ला सोडूनच द्यायचं.

मुक्ता_लोकमान्यनगर

म्हणजे आपल्या इंदूरला gh चालेल! आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. gh/c² = ६ × १०⁻¹⁴, दिवसाला ५.२ नॅनोसेकंद. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा आपलं घड्याळ एवढं पुढे. h/R ०.००००८६, तर चूकही तेवढीच.

आणि काकू, अजून एक शंका. वेगाचं आणि उंचीचं मी वेगवेगळं काढलं आणि वजाबाकी केली. खरं तर दोन्ही परिणाम एकत्र आहेत. असं सुटं करून चालतं का?

अद्वैत_पलासिया

सुट्याचं मी सांगतो. (1 + a)(1 + b) = 1 + a + b + ab. a आणि b आहेत ५ × १०⁻¹⁰ आणि ८ × १०⁻¹¹. गुणाकार ४ × १०⁻²⁰. दिवसाच्या मायक्रोसेकंदांत तो दिसणारच नाही. म्हणून चालतं. ताई, बरोबर?

पण इंदूर-मुंबईत मुक्ताने एक गोष्ट सोडली. मुंबई विषुववृत्ताच्या जास्त जवळ, म्हणून पृथ्वीबरोबर फिरण्याचा तिचा वेग जास्त. तिचं घड्याळ त्यामुळेही मागे पडेल. ५.२ मध्ये तेही मिळवायला हवं.

वैजयंती_महू

गुणाकाराचं बरोबर. अचूक सूत्र नेमकं गुणाकारासारखंच नाही, पण राहिलेली पदं त्याच आकाराची आहेत.

फिरण्याचं मात्र अर्धं बरोबर. वेगाचा परिणाम आहेच. पण पृथ्वी फिरते म्हणूनच विषुववृत्ताला फुगलेली आहे. तिथली समुद्रसपाटी केंद्रापासून दूर आहे, आणि तो गुरुत्वाचा परिणाम वेगाच्या परिणामाला भरून काढतो. म्हणून समुद्रसपाटीवरची घड्याळं सगळीकडे एकाच गतीने चालतात. समुद्रसपाटीपासूनची उंची घेतलीस की फिरणं त्यात आलंच. मुक्ताचे ५.२ तसेच ठेव.

अद्वैत_पलासिया

पटलं. अजून एक मात्र मला खटकतं. सगळीकडे वाचतो की दुरुस्ती केली नाही तर जीपीएस दिवसाला ११ किलोमीटर चुकेल. ३८.५ मायक्रोसेकंद गुणिले प्रकाशाचा वेग, ११.५ किलोमीटर. हे तर सरळ आहे ना?

वैजयंती_महू

गुणाकार सरळ आहे, अर्थ तितका सरळ नाही. फोन स्वतःच्या घड्याळाची चूकही चौथ्या उपग्रहावरून शोधून काढतो. सगळ्या उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली तर ती चूक बरीचशी त्याच खात्यात जमा होईल, जागेच्या खात्यात नाही. पण उपग्रह स्वतः कुठे आहे ते त्याच्या घड्याळावरूनच ठरवतात, कक्षाही एकसारख्या नाहीत, म्हणून काही चूक उरणारच. ती दिवसाला नेमकी किती, यावर मी स्वतः गणित केलेलं नाही. ११ किलोमीटरचं वाक्य मी वापरत नाही, एवढंच.

अद्वैत_पलासिया

मला अजून वाटतं की कक्षांतला फरक धरला तर चूक पुन्हा मोठी होईल. आकडे घेऊन येतो.

कॅट_रोडवरून

मी शिकलेला माणूस नाही या विषयातला, पण घर कॅटच्या रस्त्यावर आहे. तिथे इंडस-२ म्हणून मोठं इलेक्ट्रॉनचं यंत्र आहे, २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टचं. एकदा आत जाऊन पाहायला मिळालं होतं. तिथे म्हणाले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. मग तिथे v/c लहान नाही. तुमचं हे बायनोमियल तिथे बंद पडणार ना?

वैजयंती_महू

फार चांगला प्रश्न विचारलात. v/c लहान धरून केलेलं बंद पडतं, हो. पण तिथे दुसरी राशी लहान आहे. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ०.५११ मेगा, यंत्रातली २५०० मेगा. भागाकार म्हणजे γ, सुमारे ४८९२. मग 1/γ लहान झाला. β = √(1 − 1/γ²) असं लिहा, आणि पुन्हा तेच पहिलं पद:

1 − β ≈ 1/(2γ²)

मुक्ता, यात आकडे तू घाल. आणि आधी पुढचं पद केवढं ते बघ.

मुक्ता_लोकमान्यनगर

पुढचं पद 1/(8γ⁴). पहिल्याच्या 1/(4γ²) पट, म्हणजे साधारण १०⁻⁸. सोडायला हरकत नाही.

γ² = २.३९ × १०⁷. 1 − β = २.०९ × १०⁻⁸. c ने गुणलं तर...

सेकंदाला ६.२६ मीटर.

काकू, हे खरंच असं आहे? त्या यंत्रातला इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा फक्त ६.२६ मीटर प्रति सेकंदाने हळू आहे. उताराला माझी सायकल तेवढी जाते.

वैजयंती_महू

खरंच असं आहे.

कॅट_रोडवरून

वा. म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉन बरोबर सोडले तर एका फेरीत किती मागे राहील?

मुक्ता_लोकमान्यनगर

वर्तुळाचा घेर किती आहे? माहीत असेल तर सांगा.

माळव्याचे_मास्तर

१७२.५ मीटर.

मुक्ता_लोकमान्यनगर

१७२.५ × २.०९ × १०⁻⁸ = ३.६ × १०⁻⁶ मीटर. एका फेरीत ३.६ मायक्रोमीटर. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी.

हेही आधी संगणकावर वजाबाकी करून पाहिलं. β काढून १ मधून वजा केला. इथे उत्तर बरोबर आलं, पायऱ्या दिसल्या नाहीत. मला वाटतं १०⁻⁸ ही फटीपेक्षा खूप मोठी आहे म्हणून. उद्या सकाळी γ वाढवत नेऊन बघते, पायऱ्या कुठून सुरू होतात ते.

काकू, एक राहिलंच. उपग्रहाची कक्षा तंतोतंत गोल नसेल तर r आणि v दोन्ही बदलत राहणार. मग ४५.७ आणि ७.२ कोणत्या क्षणाचे? सरासरी काढून चालेल, की प्रत्येक फेरीत घड्याळ मागेपुढे होत असेल?

वैजयंती_महू

मागेपुढे होतं. सरासरी उपग्रहावरच दुरुस्त करतात, मागेपुढे होणं फोनमध्ये. तिथे लहान राशी आहे कक्षेची उत्केंद्रता e. तिचं पहिलं पद तूच काढ: सुरुवात ऊर्जेच्या अक्षय्यतेपासून कर, v² आणि 1/r एकमेकांत बदल. e = ०.०२ घेतलास तर तुझं उत्तर ४६ नॅनोसेकंदांच्या जवळ यायला हवं. नाही आलं तर इथेच टाक, कुठे घसरलं ते बघू.